माल एक, बिलं दोन

हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन युनिटमध्ये मी अकाउंट्स पाहतो. त्या महिन्याच्या २१ तारखेला बुटीबोरीच्या एका ग्राहक कंपनीतून फोन आला. पलीकडचे अकाउंटंट वैतागलेले होते. "भाऊ, माल एकदाच आला अन् बिलं दोन दिसून राहिली. दोन्हीवर नंबर एकच. पास कोणतं करू?"

झालं असं होतं. आम्ही १२ तारखेला ४८० ब्रॅकेट पाठवले. बिल नंबर ४१७, दर २१५ रुपये, जीएसटी धरून १,२१,७७६. पण त्यांनी सुधारित पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, पाठवून दर २०५ केला होता. तो पीओ मालकांच्या मेलमध्येच राहिला आणि सॉफ्टवेअरमधला दर जुनाच. त्यांच्याकडे पीओशी दर जुळेना, म्हणून बिल अडकलं. त्यांनी दुरुस्त बिल मागितल्यावर आमच्या बिलिंगच्या पोरानं दर बदलून ४१७ नंबरचंच बिल पुन्हा छापलं, वर 'सुधारित' असा शिक्का मारला आणि सोबत पत्र जोडलं. पत्रात गैरसोयीबद्दल क्षमा दोनदा मागितली होती, पण जुन्या बिलाचं काय करायचं ते एकदाही लिहिलं नव्हतं.

पोराला वाटत होतं, माफी मागितली की पत्र झालं. खरं तर हे पत्र साहेबांसाठी नसतंच. समोर दोन कागद घेऊन बसलेल्या माणसासाठी ते असतं. कोणता फाडायचा आणि कोणता चढवायचा, एवढंच त्याला कळायला हवं असतं.

आधी सीएंना फोन लावला. त्यांचं म्हणणं सरळ होतं : खरा रस्ता क्रेडिट नोटचा, जीएसटी कायद्याचं कलम ३४. जादा लावलेले ४,८०० आणि त्यावरचा कर ८६४, म्हणजे ५,६६४ ची क्रेडिट नोट द्यायची. त्या महिन्याचा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा रिटर्न, भरून झाला असता तर त्यांनी दुसरं काही ऐकलंच नसतं. पण महिना चालू होता, आणि समोरच्यांची सिस्टीम चुकीच्या दराचं बिल चढवूनच घेत नव्हती, मग क्रेडिट नोट वजा कशातून करणार? आमची उलाढाल ई-इन्व्हॉइसच्या ५ कोटींच्या मर्यादेखाली, त्यामुळे पोर्टलवरून बिलाचा आयआरएन नंबर घेण्याची भानगड नव्हती. "तुम्ही ते बिल चढवलेलं नाही, त्यावरच्या कराचं क्रेडिट घेतलेलं नाही, असं त्यांच्याकडून मेलवर लिहून घ्या. मग जुनं रद्द करा आणि नवीन नंबरनं काढा," सीए म्हणाले. दुपारी तसा मेल आला. ४२३ नंबरचं बिल निघालं : ९८,४०० अधिक सीजीएसटी ८,८५६, एसजीएसटी ८,८५६, एकूण १,१६,११२.

मग पत्र मी लिहिलं :

"आमचे १२ तारखेचे बिल क्र. ४१७ (रु. १,२१,७७६) रद्द केले आहे. त्याऐवजी सोबतचे बिल क्र. ४२३ (रु. १,१६,११२) धरावे. कारण : दर सुधारित पीओप्रमाणे २१५ ऐवजी २०५. नगसंख्या तीच, ४८०. माल १२ तारखेलाच मिळालेला आहे. गेट एन्ट्री व ई-वे बिलावर क्र. ४१७ आहे. या बिलावर नवीन माल येणार नाही. क्र. ४१७ ची मूळ प्रत आणि 'सुधारित' शिक्क्याची प्रत, दोन्ही परत पाठवाव्यात. पेमेंटची ३० दिवसांची मुदत १२ तारखेपासून धरावी."

ई-वे बिलाचं वाक्य पोराला फालतू वाटलं. पण ते नसतं तर बुटीबोरीच्या स्टोअरनं ४२३ चा माल गेटवर शोधला असता. बिल लाखाच्या वरचं, म्हणून राज्यातल्या राज्यातही मालवाहतुकीचं ई-वे बिल काढलं होतं, तेही ४१७ वरच. ते काढल्यापासून २४ तासांतच रद्द करता येतं, आणि माल तर केव्हाच पोचला होता. म्हणजे तिकडच्या सगळ्या कागदांवर जुना नंबर राहणार आणि बिल तेवढं नवीन. ही जोड पत्राशिवाय दुसरा कोणताच कागद दाखवत नव्हता. त्यांच्या अकाउंटंटनी मालपावतीला पत्राची प्रत टाचली आणि बिल पास केलं.

मुदतीचं वाक्य मात्र चाललं नाही. "आमची सिस्टीम बिलाच्या तारखेपासून मोजते, मी काय करू बापा?" असं त्यांनी सांगितलं. पेमेंट नऊ दिवस पुढं गेलं. मालक कुरकुरले, मी सुधारित पीओच्या मेलची तारीख दाखवल्यावर गप्प बसले.

दोन्ही प्रती परत आल्या. ४१७ वर आडवी रेघ मारून, पत्राची प्रत लावून फाइलमध्ये ठेवलं. पोरगा सॉफ्टवेअरमधून ती नोंद उडवायला निघाला होता, त्याला थांबवलं. नंबरांची मालिका सलग लागते, आणि जीएसटीआर-१ मध्ये किती बिलं काढली, किती रद्द केली ते सांगावं लागतं. तिथं रद्दच्या रकान्यात १ भरला.