सातव्या सेकंदाला विझणारा गिझर

मी लातुरात गॅस गिझर दुरुस्त करतो. डिसेंबर-जानेवारीत माझा फोन सकाळी सहालाच सुरू होतो. बहुतेक तक्रारी एकसारख्या असतात, पण औसा रोडच्या बाजूच्या एका घरातली ही केस थोडी निराळी होती. काका फोनवर म्हणाले, "दादा, गिझर पेटायलंय अन् लगेच विझायलंय. सेल नवे टाकले, तरी तसंच. आधीच्या मिस्त्रीनं सांगितलंय की आतली सगळी किट बदलावी लागंल."

मी म्हटलं, "काका, किटचे पैसे कुणालाच देऊ नका. मी येऊन बघतो."

घर दुमजली. गिझर वरच्या बाथरूममध्ये, अन् त्याच्या वर स्लॅबवर पाण्याची टाकी, तीही विटांच्या छोट्या कट्ट्यावर. टाकीचा तळ शॉवरपासून जेमतेम सात फूट वर. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब मिळतो, म्हणजे इथे हातात येणार एक पंचमांश किलो. घरगुती गॅस गिझर इतक्या कमी दाबावर चालतात, पण मग वाटेत कुठेच अडथळा नको. आणि बोअरचं क्षाराचं पाणी असलेल्या घरात अडथळा नसेल, असं मी आजवर पाहिलेलं नाही.

गिझर उघडण्याआधी मी नळ सोडून नुसता बघत उभा राहतो. इथे दोन वेगळे प्रकार दिसले. पहिल्यांदा टिकटिक झाली, ज्योत आली, तेवढ्यात खाली सूनबाईंनी स्वयंपाकघराचा नळ सोडला. ज्योत गेली, आणि खालचा नळ बंद होताच वर पुन्हा आपोआप टिकटिक सुरू. दुसऱ्यांदा खाली कुणी काही केलं नाही, तरी ज्योत सहा-सात सेकंदांत विझली. पण आता टिकटिक नाही. नळ बंद करून पुन्हा सोडला तेव्हाच ठिणगी पडू लागली.

हा फरक ओळखता आला की अर्धं काम झालं. पाण्याच्या जोरावर गिझरमधला रबरी पडदा फुगतो, तो मायक्रोस्विच दाबतो, मग सर्किट ठिणगी पाडतं आणि गॅस सोडतं. पाणी कमी झालं की पडदा मागे येतो, स्विच सुटतो, ज्योत विझते. पाणी वाढलं की तो स्वतःच पुन्हा पेटायचा प्रयत्न करतो. हा झाला पहिला प्रकार. दुसऱ्यात सर्किटला ज्योत 'दिसत' नाही. बर्नरवर एक बारीक सेन्सरची काडी असते, ज्योतीतून तिच्यात अगदी सूक्ष्म वीज वाहते. ती काही सेकंदांत मिळाली नाही, तर सर्किट गॅस बंद करून कुलूप लावून बसतं. नळ बंद करेपर्यंत ते उघडत नाही. सेल कमजोर असतील तर ठिणगी मंद पडते किंवा पडतच नाही. इथे टिकटिक कडक होती, म्हणून सेलला मी हात लावला नाही.

(जुने पायलटवाले, म्हणजे एक छोटी ज्योत कायम जळत ठेवणारे गिझर अजून काही वाड्यांत आहेत. त्यांत सेल नसतो. बटण दाबून धरलं की पायलट जळतो, सोडलं की विझतो, तेव्हा बहुतेकदा त्या ज्योतीची उष्णता ओळखणाऱ्या थर्मोकपलचं टोक काजळलेलं किंवा त्याचा नट सैल झालेला असतो. पाण्याचा त्याच्याशी संबंध नाही.)

काकांकडून तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा मागितला. गरम पाण्याच्या नळाखाली तो भरायला सव्वादोन मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला सव्वादोन लिटरच्या आसपास. गिझरवर सहा लिटर लिहिलेलं. माझ्या अनुभवात अडीच-तीन लिटरच्या खाली असे गिझर धड पेटत नाहीत. मग गिझरच्या आधीचा पाइप सोडून तोच डबा भरला. तो मिनिटाच्या आत भरला. म्हणजे पाणी टाकीतून येतंय, अडतंय ते पुढे.

इनलेटच्या नटाआड बारीक जाळी असते, ती काढली. वाळू, टेफ्लॉन टेपचे तुकडे आणि पांढरा थर. जाळी ब्रशने साफ केली. शॉवरचं तोंड काढलं तर निम्मी भोकं क्षारानं बुजलेली. ते लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात भिजत टाकलं. आता डबा सव्वा मिनिटात भरू लागला, मिनिटाला चार लिटर.

मग गिझरचं झाकण काढलं, आणि तिथे मला खरा राग आला. तांब्याच्या टाकीला चिकटवलेल्या थर्मोस्टॅटच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना पिळल्या होत्या, वरून काळी टेप.

काका म्हणाले, "मागच्या वर्षी गिझर मधूनच बंद पडायचं, तेव्हा त्या मिस्त्रीनं असंच काहीतरी करून दिलं. मग चाललं की बरं."

चालणारच. सहा लिटर पाण्याला पंचवीस अंशांनी तापवणारी ज्योत तीन लिटर पाण्याला पन्नास अंशांनी तापवते. हिवाळ्यात वीस अंशांचं पाणी सत्तरला जातं. सव्वादोन लिटर असेल तर पाणी उकळीच्या जवळ पोचतं. थर्मोस्टॅट गिझर बंद पाडत होता तो याचसाठी. जाळी साफ करायची सोडून त्यानं पहारेकऱ्याचंच तोंड बांधलं होतं. मी वायरी सोडवून थर्मोस्टॅट पुन्हा जोडला. तो सुस्थितीत होता, नशीब.

आता सेन्सर. काडीवर काजळी चढलेली आणि ती ज्योतीपासून जरा बाजूला वाकलेली. बारीक पॉलिश पेपरने घासली, टोक ज्योतीत येईल एवढंच वाकवलं. पण मला काजळीचं कारण हवं होतं. एलपीजीची ज्योत निळी असायला हवी, इथे तिची टोकं पिवळी होती. मान वर केली तर व्हेंटिलेटर खोक्याच्या पुठ्ठ्यानं बंद.

"थंडी येते म्हणून लावलंय," सूनबाई म्हणाल्या.

"वहिनी, आंघोळीनंतर डोकं दुखतंय का कुणाचं?"

त्यांनी सासूबाईंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "माझंच दुखतं की. मी समजले, गरम पाण्यानं होतंय."

हवा कमी पडली की ज्योत नीट जळत नाही, काजळीबरोबर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखणं, गरगरणं ही त्याची पहिली खूण, पुढे माणूस बाथरूममध्येच बेशुद्ध होतो. मी स्टुलावर चढून पुठ्ठा काढला आणि सांगितलं की हा गिझर इथे ठेवायचाच नाही, बाहेर गच्चीच्या भिंतीवर घ्या, फक्त पाण्याचा पाइप आत येऊ दे. तोपर्यंत आंघोळीला कुणी आत असताना गिझर चालू नको. आधी बादली भरा, गॅस बंद करा, दार उघडं ठेवून हवा जाऊ द्या, मग आत जा. आणि काकूंना एकदा डॉक्टरांना दाखवा.

नळ सोडला. टिकटिक, निळी ज्योत, आणि यावेळी ती टिकली. खालचा नळ सोडून बघितला. ज्योत थोडी थरथरली, पण गेली नाही. शॉवरचं तोंड परत लावलं, तेव्हा मात्र पाणी पुन्हा कमी झालं आणि पाच मिनिटांनी थर्मोस्टॅटनं गिझर बंद केला. काकांचा चेहरा पडला.

"हे बरोबर झालं, काका," मी म्हटलं. "एवढ्याशा उंचीवर शॉवर अन् गिझर दोन्ही नीट नाही चालायचे. कट्टा उंच करा, नाहीतर छोटा प्रेशर पंप लावा."

काकांनी पंपाची किंमत विचारली, मी सांगितली. ते शॉवरकडे बघत म्हणाले, "मग हे काढूनच टाक. आम्हाला बादलीच बरी." नातू दारात उभा होता, तो लगेच रडायला लागला. शेवटी पंपावर तडजोड झाली. त्याचा अर्धा खर्च मुलगा देणार असं सूनबाईंनी परस्पर जाहीर केलं. गिझर बाहेर हलवायचं काम मी रविवारचं घेतलं.