कोपऱ्यातला टीव्ही: आवाज मोठा, पण शब्द कळेनात

भुसावळच्या आमच्या हॉलची मापं १० बाय १४ फूट. फरशी, स्लॅब, एका भिंतीला लोखंडी कपाट आणि कोपऱ्यात तिरक्या कडप्प्यावर ४३ इंची टीव्ही. तक्रार एकच होती. आवाज ४० वर नेला तरी बातम्यांत कापसाचा भाव 'सात हजार' सांगितला की 'आठ हजार', ते कळायचं नाही. 'सात' आणि 'आठ' यांतला मोठा फरक 'स'चा, आणि नेमका तोच हरवत होता.

आधी कूलर बंद केला. त्याची घरघर 'स', 'श' असले बारीक आवाज झाकून टाकते, त्यामुळे तो चालू असताना दोष टीव्हीचा की कूलरचा हे कळत नाही. मग स्पीकर शोधला. समोरून जाळी दिसत नव्हती. वर्तमानपत्राची फूटभर लांब सुरळी करून तिचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं टोक टीव्हीच्या खालच्या कडेवरून आणि पाठीवरून फिरवलं. जिथे शब्द एकदम स्वच्छ झाले, तिथे स्पीकर. आमच्याकडे दोन्ही टोकांजवळ, तोंड खाली केलेले निघाले.

तोंड कुठे आहे याला महत्त्व का, तर जाड आवाज चहूकडे पसरतो, बारीक आवाज मात्र सरळ जातो. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास साडेतीन मीटर, ५००० हर्ट्झची जेमतेम ७ सेंटिमीटर. म्हणजे पुरुषी आवाजातला खर्ज भिंतींवरून घुमत कानापर्यंत येतो, आणि 'स' कडप्प्यावर आपटतो. त्या कडप्प्यावर आमच्याकडे क्रोशाचा जाड रुमाल, त्याखाली फोमची घडी! 'स'चा बराचसा भाग तिथेच जिरत होता. रुमाल काढल्यावर शब्दांना लगेच धार आली. (आईला ते आवडलं नाही, रुमाल आता फ्रिजवर आहे.)

घुमणं मात्र तसंच राहिलं, कारण ते कोपऱ्याचं होतं. मागची एक भिंत खर्ज फुगवते, दोन भिंती मिळाल्या की आणखी. शिवाय ४३ इंची टीव्ही साधारण ९६ सेंटिमीटर रुंद असतो. तो कोपऱ्यात ४५ अंशात ठेवला की त्याच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंत ४८ सेंटिमीटरची त्रिकोणी पोकळी उरते. ती डब्यासारखी वागते. तिथे घडी केलेली गोधडी उभी करून पाहिली. डब्यातल्यासारखा ठणका कमी झाला, पण खर्ज हलला नाही. १०० हर्ट्झच्या लाटेला १० सेंटिमीटर जाडीची गोधडी म्हणजे काहीच नाही. शिवाय गोधडीने टीव्हीची हवा अडते, म्हणून ती कायमची ठेवायची नाहीच.

शेवटी १० फुटी भिंतीवर, मधोमध टांगायचं ठरवलं. इथे नवी अडचण आली: टीव्ही भिंतीवर गेला की खाली तोंड असलेल्या स्पीकरचा आवाज आपटून आपल्याकडे वळायला कडप्पाच नाही, 'स' थेट फरशीकडे जातो. म्हणून सनमायका लावलेली १२ सेंटिमीटर रुंदीची प्लायची पट्टी टीव्हीच्या रुंदीइतकी कापली आणि टीव्हीखाली साधारण ६ सेंटिमीटर जागा सोडून ४५ अंशात बसवली. भिंतीकडची कड वर, आपल्याकडची खाली. उलटी बसवली तर आवाज भिंतीवर जातो. एवढ्या रुंदीची पट्टी साधारण ३००० हर्ट्झच्या वरचाच आवाज वळवते, त्याखालच्या लाटा तिच्यापेक्षा लांब. पण 'स' आणि 'श' वरच असतात, त्यामुळे काम भागतं. रिमोटचा सेन्सर खालच्या कडेला मध्यावर असेल तर पट्टी तिथे खाचवून घ्यायची, आणि टीव्हीच्या खालच्या जाळ्या बुजवायच्या नाहीत.

सेटिंगमध्ये टीव्ही भिंतीवर आहे की टेबलावर असा पर्याय असेल तर तो बदलायचा. नसेल तर बास तीन-चार पायऱ्या कमी करायचा. ट्रेबल वाढवायची घाई नको, तो जास्त झाला की फरशीच्या खोलीत 'स' टोचतो.

राहिला दिवाण. तो मागच्या भिंतीला चिकटलेला होता, आणि डोकं भिंतीला टेकलं की खर्ज तिथेही फुगतो. दिवाण ४० सेंटिमीटर पुढे ओढला. आता कूलर चालू असतानाही २४ वर भाव कळतो. मे महिन्यात कूलर पूर्ण वेगाने लावला की २९ करावा लागतो.