उधारीची वही आणि साडेसहाशे शब्द

रविवार, रात्री

ताईची लेक आज दिवसभर माझ्याकडे होती. अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी कॉमन अ‍ॅपचा, म्हणजे अनेक कॉलेजांना एकच चालणाऱ्या अर्जाचा निबंध लिहायचाय, जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. कराडजवळच्या गावात दाजींचं किराणा दुकान आहे आणि शाळा सुटल्यावर ही गल्ल्यावर बसते. त्यावर लिही, असं मीच सुचवलं होतं. तिनं आणलेल्या कच्च्या मसुद्यात ‘दुकानामुळे मी प्रामाणिक, जबाबदार आणि कष्टाळू झाले’ असं वाक्य होतं. मी तिचं नाव हातानं झाकलं आणि म्हटलं, हे तुमच्या वर्गातल्या कुणाच्याही नावावर खपेल. रुसली थोडी.

मग तिला तिच्या गुणांविषयी काही विचारलंच नाही. दुकानात शेवटची कटकट कशावरून झाली, एवढंच विचारलं.

झालं होतं असं. गावात बरीच उधारी दुधाच्या बिलावर फिटते. डेअरीचं बिल दहा दिवसांनी येतं, त्या संध्याकाळी वह्या निघतात. अशाच एका संध्याकाळी एक काकू म्हणाल्या, ही दोन किलो साखर मी नेलीच नाही. नोंद हिच्या अक्षरात. दाजींनी एक शब्द न बोलता ती ओळ खोडली. हिला ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून ही प्रत्येक नोंद मोठ्यानं वाचून दाखवायला लागली, म्हणजे वाद नको. पण दुकानात चार माणसं उभी असताना ‘तेल एक लिटर, उधार’ असं ऐकलं की माणूस पिशवी घेऊन खाली मान घालून निघतो, हे तिच्या ध्यानात आलं. तेव्हा वाचणं बंद केलं. आता ती नोंद लिहिते, वही गिऱ्हाइकाकडे फिरवते आणि त्या ओळीखाली बोट ठेवून थांबते. समोरच्यानं मान हलवली की वही बंद. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना गर्दी सरल्यावर हळू आवाजात आकडा सांगते.

हे सगळं तिनं मला पोहे खाताखाता सांगितलं. मसुद्यात यातलं अक्षरही नव्हतं!

माझ्या मते निबंध इथेच आहे. हिशेब चोख हवा आणि माणसाची लाजही राखायची, या दोन्हींत ओढाताण झाली आणि तिनं स्वतः एक रीत बदलून दुसरी आणली. वाचणाऱ्याला स्वभाव दिसतो तो या बदलात. ‘प्रामाणिक’ हा शब्द न लिहिताही दिसतो. दुकान चालवतात दाजी. त्यामुळे त्यांच्या कष्टांवर दोन परिच्छेद घातले तर प्रवेश दाजींना द्यावा लागेल, असं मी म्हटल्यावर ती हसली. दुकानाची हलाखी वाढवून सांगायलाही मी मनाई केली. हलाखी नाहीये, आणि असती तरी तो काही स्वभावाचा पुरावा नव्हे.

तास-दिवसांचा हिशेब निबंधात नको, त्याला त्याच अर्जातल्या उपक्रमांच्या यादीत वेगळी जागा आहे. तिथे आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे विचारतात, वर्णनाला फक्त १५० अक्षरं. ती आठवड्याला २० तास लिहायला निघाली होती. आम्ही बसून मोजले: शाळेच्या दिवशी दीड तास, शनिवार-रविवार मिळून पाच. साडेबारा भरले. परीक्षेचे आठवडे वजा केले. पगार मिळत नाही, म्हणून प्रकार ‘कौटुंबिक जबाबदारी’ निवडला. या यादीत तो प्रकार आहे, हे पुष्कळ मुलांना माहीतच नसतं, आणि ती रकाना रिकामा सोडून देतात.

ब्रिटनचाही अर्ज करायचा म्हणतेय. तिथे हा निबंध जसाच्या तसा चालायचा नाही. यूकॅसच्या, म्हणजे तिथल्या विद्यापीठांच्या सामायिक अर्जात २०२६च्या प्रवेशापासून तीन प्रश्न आहेत, मिळून ४,००० अक्षरं, आणि भर निवडलेल्या विषयावर. तिला अर्थशास्त्र घ्यायचंय, तेव्हा तिथे दुधाचं बिल आणि उधारीचा मेळ कामाला येईल. बोट ठेवून थांबण्याला तिथे फार तर एक ओळ.

संध्याकाळी दाजींचा फोन आला. लोकांची उधारी कशाला लिहायची, म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं. काकूंचं नाव आणि कुठल्या गल्लीतल्या, ते दोन्ही काढलं. साखरेची चहापूड केली नाही मात्र, एकदा खोटं घातलं की कुठं थांबायचं कळत नाही.

आत्ता मसुदा ७१२ शब्दांवर आहे. गुळाच्या आणि मिरचीच्या वासाचा पहिला परिच्छेद ७० शब्दांचा आहे, तो गेला की बसतं. तिला तोच सगळ्यात आवडतो, म्हणून सकाळी काढू म्हणून झोपली.