पानशेतचा पूर चाळीस सेकंदांत बसवायचा होता, माझा अनुभव

एका संस्थेसाठी इतिहासावरचे छोटे व्हिडिओ करून द्यायचं काम घेतलं होतं, प्रत्येकी चाळीस सेकंद, ताण चढत गेला पाहिजे आणि बघणाऱ्याला माहीत नसलेली एक गोष्ट त्यात हवी. रेकॉर्डिंग, एडिटिंग, फोटो मिळवणं सगळं सुरळीत झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. अडकलं ते स्क्रिप्ट मंजूर करणाऱ्या सरांच्या टेबलावर, आणि तेही पानशेतवर, म्हणजे १९६१ साली पुण्याच्या वरच्या बाजूचं ते धरण फुटून शहरात पूर आला त्यावर! बरं, माणूस अभ्यासू, वाचन दांडगं, पण चाळीस सेकंद म्हणजे किती हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. अजूनही आठवलं की डोकं सणकतं म्हणून लिहून टाकतोय.

आधी हिशोब. मराठीत समजेल असं, मधे श्वास घेत वाचलं तर चाळीस सेकंदांत पंचाहत्तर ते ऐंशी शब्द बसतात. नव्वद केले की बातम्या वाचल्यासारखं होतं आणि ताण जातो, कारण ताण असतो तो गप्प राहण्यात. तारखा तर वेळ खातात. "अकरा जुलै एकोणीसशे एकसष्ट" नीट म्हणून बघा, तीन सेकंद तिथेच गेले. म्हणून तारीख स्क्रीनवर टाकायची आणि आवाजात फक्त "रात्र" म्हणायचं.

दुसरा प्रश्न असा की पुण्यात पानशेत फुटलं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मग धरण फुटेल का नाही यावर ताण उभा राहणारच नाही. ताण हवा तो "कधी फुटेल" यावर. हे एकदा लक्षात आलं की गोष्ट आपोआप सरळ होते, रात्र, सकाळ, दुपार, आणि पाणी वरून खाली येतंय, पानशेत, मग खालचं खडकवासल्याचं धरण, मग शहर. घड्याळ आणि उतार दोन्ही एकाच दिशेला, त्यामुळे "मग", "त्यानंतर" असले शब्द लागतच नाहीत.

इथपर्यंत सरांचीही हरकत नव्हती. पहिली चिठ्ठी आली ती कारणावरून. धरण का फुटलं ते आलंच पाहिजे. आता ते कारण असं आहे की मातीच्या धरणाच्या पोटातून पाणी सोडायची जी नळी होती तिच्या काँक्रीटला लोखंडाचा आधार नव्हता, काम अर्धवट असताना पहिल्याच पावसाळ्यात धरण भरलं, नळीतून जोरात पाणी वाहू लागलं आणि तिच्यावरची माती खचत गेली. वाचलंत ना? एवढ्यालाच पंधरा-वीस सेकंद लागतात आणि तोवर बघणारा पुढच्या व्हिडिओवर गेलेला असतो. मी म्हटलं सर, "भिंत खचायला लागलीये" एवढंच ठेवू, तीन शब्द. ते म्हणाले, "अहो पण लोकांना कळायला नको?" मी म्हटलं कळेल, खाली वर्णनात सविस्तर देतो. त्यावर कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले बघतो. त्या "बघतो"मध्ये किती दिवस गेले विचारू नका, फोन केला की मीटिंग, मेसेज केला की निळ्या टिका आणि शांतता.

मग आकडा. किती माणसं गेली ते घाला. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे दिलेत, आणि एक आकडा बोललात की सगळं भांडण कॉमेंटमध्ये त्याच्यावर होतं, गोष्ट राहते बाजूला. तो मी काढलाच, यावर मी हटलो नाही आणि त्याचा मला अभिमान आहे.

खरा घोळ झाला तो धक्का देणाऱ्या गोष्टीवर. माझ्याकडे दोन होत्या. पहिली अशी की पुराने बुडालेल्या पुण्यात नंतर प्यायला पाणी नव्हतं, कारण शहराला पाणी यायचं खडकवासल्यातून आणि ते धरणच गेलेलं. सर या एका गोष्टीवर लट्टू. मलाही ती भारी वाटते, खोटं कशाला बोलू. पण ती चाळीस सेकंदांत बसवायची कुठे? पूर येऊन गेल्यानंतरची आहे ती. शेवटी लावली तर ताण चढून उतरलेला असतो आणि आपण "आणि हो, अजून एक" म्हणून शेपूट जोडतो. सुरुवातीला लावली तर शेवटाला काही उरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पोती. ११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान खचणाऱ्या भिंतीवर पोती रचत होते. धरण तरीही गेलंच, म्हणून बहुतेक जण हा प्रसंग "शर्थीचे प्रयत्न केले पण" असा उरकतात. पण त्या पोत्यांमुळे फुटणं लांबलं, सकाळ उजाडली आणि पुण्यात पाणी शिरलं ते दिवसाढवळ्या. शहर झोपेत असताना आलं असतं तर काय झालं असतं! ही गोष्ट मला हवी होती, कारण पोती बघणाऱ्याने दहाव्या सेकंदालाच पाहिलेली असतात आणि त्याला वाटतं हा फुकट गेलेला खटाटोप. शेवटी त्याच पोत्यांचा अर्थ उलटतो, नवीन माहिती काहीच आणावी लागत नाही. आधी दाखवलेल्याच वस्तूला उलटवेल अशी गोष्ट निवडा, बाहेरून आणून चिकटवलेली कितीही चमकदार असो, ती सामान्यज्ञानच वाटते.

सर म्हणाले दोन्ही घ्या. दोन्ही घेऊन वाचून दाखवलं, मुद्दाम त्यांच्यासमोर मोबाईलवर घड्याळ लावून. ते पंचावन्नच्या पुढे गेलं आणि मुख्य म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या बाईंना विचारलं काय लक्षात राहिलं, तर म्हणाल्या, "पाणी नव्हतं ना?" पोती गेली वाहून. त्या दिवशी काम झालं. त्या बाईंचे आभार. म्हणून सांगतो, वाद घालत बसू नका, विषय माहीत नसलेल्या माणसाला एकदाच ऐकवा आणि विचारा, वाक्य परत म्हणायला लावा.

जे शेवटी गेलं ते असं, स्क्रीनवर "११ जुलै १९६१" आणि आवाजात:

"रात्र. पाऊस थांबायचं नाव नाही. पानशेतचं नवं मातीचं धरण पहिल्याच पावसाळ्यात भरलंय आणि भिंत खचायला लागलीये. लष्कराचे जवान अंधारात पोती रचतायत. एक थर खचतो, वर दुसरा चढतो. उजाडतं. धरण फुटतं. पाणी खडकवासल्यावर येतं. ऐंशी वर्षं उभं असलेलं दगडी धरण. काही तासांत तेही जातं. खाली पुणं. लकडी पूल पाण्याखाली. लोक पळतायत. पळता येतंय, कारण दिवस आहे. पोत्यांनी धरण वाचवलं नाही. रात्र तेवढी काढून दिली."

सत्तरच्याही आत शब्द आहेत, उरलेला वेळ "धरण फुटतं"च्या आधी आणि "कारण दिवस आहे"च्या नंतर गप्प बसायला ठेवलाय. खडकवासल्याचं १८७९ हे साल काढून "ऐंशी वर्षं" केलं, कानाला ते पटकन समजतं. आणि हो, सगळं वर्तमानकाळात ठेवा, "फुटलं" म्हटलं की झालं गेलं वाटतं. फक्त शेवटची दोन वाक्यं भूतकाळात, तिथे निकाल लागलाय.

पाण्याची गोष्ट आता वेगळ्या व्हिडिओत करतोय, तिथे सुरुवातच कोरड्या नळाने होते. सरांकडे पाठवलीये. बघतो म्हणालेत.