आपण म्हणजे नेमकं कोण

परवा दुपारी जेवण झाल्यावर मोबाईलवर एक मेसेज टाईप केला आणि पाठवायच्या आधी चार वेळा खोडला. मेसेज एवढाच होता, "गड्या त्या वारसाच्या फेरफारचं काय केलंस?" पहिल्यांदा 'गड्या' उडवलं, मग 'केलंस'चं 'केलंत' केलं, ते वाचून मलाच कसंतरी झालं, मग "त्या फेरफारचं काय झालं?" असं लिहून पाठवून दिलं. आता यात कुणी काय केलं ते कुठंच नाही. फेरफारचं आपलं आपण काहीतरी झालं म्हणा.

मी आणि गड्या (नाव नको, तसंही पंधरा वर्षं आम्ही एकमेकांना गड्याच म्हणतोय) एकाच भरतीत तलाठी झालो. परभणी जिल्ह्यातच, शेजारशेजारचे सज्जे. जमाबंदीच्या टायमाला एकाच्या खोलीवर दोघांचे दप्तर, एकाच डब्यात दोघांचं जेवण, अतिवृष्टीचे पंचनामे असले की एकाच गाडीवर दोघं चिखलातून. मग अर्हता परीक्षा मी आधी काढली, ज्येष्ठतेत वर सरकलो आणि गेल्या साली मंडळ अधिकारी म्हणून ऑर्डर निघाली. मंडळ कुठलं मिळालं? ज्यात गड्याचा सज्जा येतो तेच.

आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असा आदेश झालाय, गावात तरी अजून सगळे तलाठीच म्हणतात. माझे आजोबा तर मंडळ अधिकाऱ्याला मरेपर्यंत गिरदावर म्हणायचे, निजामाच्या काळचा शब्द, आणि नायब तहसीलदाराला पेशकार. ते असते तर म्हणले असते, पोरगं गिरदावर झालं. असो.

पहिल्या दिवशी गड्या हार घेऊन आला, सगळ्यांसमोर हार घातला आणि म्हणला, "अभिनंदन साहेब." मी हसलो, मला वाटलं गंमत करायलाय. संध्याकाळी फोन केला तर फोनवर "बोल गड्या". बरं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर मी "सर्व ग्राम महसूल अधिकारी यांनी प्रलंबित फेरफारची यादी आज 5 वाजेपर्यंत सादर करावी" असं टाकलं तर खाली सगळ्यात पहिला रिप्लाय त्याचाच, "जी सर", पुढं हात जोडलेला इमोजी. आणि हे 'यांनी' मीच लिहिलं होतं की. ज्याच्या डब्यातली चटणी खाल्ली त्याला मी 'यांनी' केलं.

मराठीत हे मोठं लफडं आहे. इंग्रजीत एकच यू, साहेबालाही यू आणि शिपायालाही यू. आपल्याकडं नुसता शब्द बदलून भागत नाही, क्रियापद पण चुगली करतं. आलास म्हणलं की तू आला, आलात म्हणलं की तुम्ही आले, लपायला जागाच नाही. मग माणूस पळवाटा शोधतो, आणि त्यात मी आता तरबेज झालोय. "फाईल आली का?" "जेवण झालं का?" "उद्या मीटिंगला यायचं असंल ना?" "सातबारा बघावा लागंल." एक-दोन दिवस असं बोलून बघा, कुणाला तू नाही आणि तुम्ही नाही, अख्खा दिवस निघतो. गड्याच्या लक्षात आलं असणार, कारण तो पण तसंच बोलायलाय. दोघं मिळून एक अशी भाषा बोलतो जिच्यात माणसंच नाहीत, नुसत्या फाईली येतात जातात.

लोकांसमोर मात्र पंचाईत. शेतकरी समोर बसलेले असताना तू म्हणलं तर त्याची किंमत जाते, तलाठ्याला गावात मान लागतो, नाहीतर पंचनाम्याला कुणी धुऱ्यावर पण उभं राहू देत नाही. तुम्ही म्हणलं तर त्याचा चेहरा असा होतो, जसं मी त्याच्या नावाने नोटीस काढलीय.

मला यावरून आमच्या आजोबांची आठवण येते. त्यांचा एक लहानपणचा दोस्त होता, बाजूच्या गावचा. दोघं बैलपोळ्याला एकत्र, बाजाराला एकत्र, एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय बोलायचेच नाहीत. मग माझी आत्या त्याच्या मुलाला द्यायचं ठरलं. मी सहा-सात वर्षांचा असंन, ओसरीवर सतरंजी टाकलेली, मधी पाट, पाटावर सुपारी. सकाळी तो दोस्त आला तेव्हा आजोबा दारातून ओरडले, "ये रे, उशीर कामून केलास?" आणि दुपारी सुपारी फुटली, आणि दहाच मिनिटांत आजोबा त्यालाच म्हणाले, "बसा याहीबुवा, पाणी घ्या." मी बघतच राहिलो. मला वाटलं दोघांचं भांडण झालं. आईला विचारलं तर ती म्हणली आता ते याही झाले, आता आपण पोरीकडचे. पुढं वीस वर्षं आजोबांनी त्याला तू म्हणलं नाही. तो मात्र आजोबांना तूच म्हणायचा, पोराचा बाप ना. फक्त एकदा, आत्याच्या सासूच्या तेराव्याला, दोघं लिंबाखाली बसलेले असताना आजोबा हळूच म्हणले, "रडू नको लेका." ते मी ऐकलं. घरी आल्यावर आजीला सांगितलं तर तिनं गप बस म्हणलं.

तर वारसाचा फेरफार. गड्याच्या सज्जातला एक खातेदार वारला, तीन भाऊ आणि एक बहीण वारस. थोरल्या भावानं अर्ज केला, वारसांमध्ये बहिणीचं नाव होतं, ते बरोबर होतं. गड्यानं नोंद घेतली, तिन्ही भावांना नोटीस बजावली, चावडीवर डकवली, पंधरा दिवस गेले, हरकत नाही म्हणून प्रमाणित करायला माझ्याकडं आली. मी नोटिशी उघडून बघितल्या तर बहिणीची बजावणी नाही. ती लग्न होऊन पुण्याकडं राहते, पत्ता सासरचा, आणि नोटिशीवर "घरी मिळून आली नाही" असं, सही भावाची. मिळून कशी येणार, ती त्या घरात राहतच नाही! मी हे मंजूर केलं आणि उद्या ती म्हणत आली की माझ्या वारस हक्काची नोंद मला न कळवता झाली, तर प्रांतांकडं अपील, आणि तिथं पहिला प्रश्न मला, बजावणी बघितली का. बहुतेक वेळा नोंद चुकत नाही, बजावणी चुकते, आणि वर बसल्यावर आधी तेच बघायला शिकावं लागतं. वारसाच्या नोंदीत बहिणीची सही भाऊ करतोय असं दिसलं की थांबायचं, मग नावं कितीही बरोबर असूद्या.

पूर्वी असतो तर चहाच्या टपरीवर म्हणलो असतो, "येड्या, बहिणीला नोटीस सासरी पाठव ना, पोस्टानं, पोच लाव." संपलं. पण आता थोरल्या भावानंच तहसीलला तक्रार केली होती की मंडळ अधिकारी माझा फेरफार अडवून बसलाय, आणि वरून मला तोंडी आलं की तलाठ्याचा लेखी खुलासा घ्या. कारणे दाखवा नोटीस काढणं माझ्या हातात नाही, ती वरून निघते, पण खुलासा मागायचं पत्र मलाच काढायचं.

बसलो लिहायला. "प्रति, श्री. अमुक, ग्राम महसूल अधिकारी, सज्जा तमुक. विषय : वारस फेरफार नोंदीबाबत खुलासा सादर करणेबाबत." इथपर्यंत हात सरळ चालतो, हातानं असं लाखभर वेळा लिहिलंय. मग, "उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, सदर फेरफारमधील एका हितसंबंधित व्यक्तीस नोटीस बजावण्यात आली नसल्याचे दिसून येते." बघा, कुणी बजावली नाही? ते कुठं लिहिलंच नाही. कळविण्यात येते, म्हणजे कळवतो कोण? मी नाही. सरकारी मराठी मला पूर्वी कोरडी वाटायची, आता वाटतं ती कुणीतरी अशाच दोन मित्रांसाठी बनवली असंल. चूक होते, ती दिसून येते, तिचा खुलासा मागविण्यात येतो, आणि दोघं सहीसलामत बाजूला उभे.

फक्त एक शब्द अडकला. आपणांस. आम्ही दोघं 'आपण' किती वेळा म्हणलो असू, आपण चहा घेऊ, आपण उद्या सकाळी पंचनाम्याला जाऊ, आपण साहेबाला सांगू की गाडी बंद पडली. त्या आपणमध्ये मी होतो. ह्या आपणांसमध्ये मी नाही, तो एकटाच आहे. शब्द तोच. पत्र प्रिंट करून शिपायाकडं दिलं, आणि त्या दिवशी त्याला फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. ऑफिसात कुणी नव्हतं, फॅन तेवढा फिरत होता. तो उभाच. मी म्हणलं बस ना, बसला. पत्राची घडी काढून टेबलावर ठेवली आणि जरा वेळ बाहेर बघत बसला. मग म्हणला,

"सर, ह्याचं उत्तर कसं लिहायचं असतं?"

हे त्यानं मला पंधरा वर्षांत कितीतरी वेळा विचारलंय. खुलासे लिहायला त्याला येतच नाही, लिहायला बसला की 'नजरचुकीने' हा शब्द चार वेळा येतो. त्याचे आधीचे सगळे खुलासे, वेगवेगळ्या साहेबांना, मीच लिहून दिलेले. म्हणजे माझ्या पत्राचं उत्तर मलाच मीच लिहायचं. मी कागद ओढला. "उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, सदर वारस ही विवाहानंतर अन्यत्र वास्तव्यास असल्याने तिच्या सासरच्या पत्त्यावर नोटीस पाठविणे राहून गेले. सदर नोटीस आज रोजी पोस्टाने पाठविण्यात आली असून पोस्टाची पावती सोबत जोडली आहे."

"पण पोस्टानं पाठवली नाही अजून," तो म्हणला.

"मग पाठव आधी, पोस्ट साडेतीनला बंद होतं."

पाठव म्हणलं गेलं. दोघांनी ऐकलं. तो पत्र घेऊन उठला, दारापर्यंत गेला, परत फिरला.

"खाली काय लिहू? आपला विश्वासू का आपला आज्ञाधारक?"

"लिही गड्या काहीबी," म्हणलं, "मीच वाचणार आहे."