5 टक्के खाली की 8 डेल्टा?

"दादा, निफ्टीचा पुट विकताना सरळ 5 टक्के खालचा स्ट्राइक घ्यायचा ना, दर वेळी डेल्टा काय बघत बसता?"

कारण बाजार कसाही असला तरी 5 टक्के हे 5 टक्केच राहतात, पण त्यातली रिस्क तेवढीच राहत नाही. मीसुद्धा बरीच वर्षं अंतर मोजूनच पुट विकायचो आणि तेव्हा माझी समजूत होती की मी दर महिन्याला एकसारखाच ट्रेड करतोय.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते आहेत. निफ्टी 24,000, एक्सपायरीला 30 दिवस, अ‍ॅट द मनीचा आयव्ही 13. व्याज सोडून देऊ. आता समजा स्क्यू नाहीच, खालच्या स्ट्राइकलाही 13 च आयव्ही आहे, तर 5 टक्के खालचा 22,800 चा पुट साधारण 33 रुपयांना मिळतो आणि त्याचा डेल्टा 8 येतो (म्हणजे 0.08, बोलताना आपण 8 च म्हणतो). आता स्क्यू तीव्र करा, लोक घाबरून खालचे पुट उचलतायत, अ‍ॅट द मनी अजून 13 लाच आहे पण 22,800 चा आयव्ही 18 झालाय. त्याच पुटचे आता 100 रुपये मिळतात आणि डेल्टा होतो 15. अंतर तेच, स्ट्राइक तोच, पण बाजार म्हणतोय की तिथे पोचायची शक्यता जवळजवळ दुप्पट आहे. अंतर बघणाऱ्याला यात फक्त तिप्पट प्रीमियम दिसतो आणि तो खूश होऊन विकतो.

मी अशा वेळी 8 डेल्टा कुठे आहे ते शोधतो. अजून खाली आयव्ही आणखी चढलेला असतो, समजा 20, तर तो स्ट्राइक 22,200 च्या आसपास सापडतो, म्हणजे साडेसात टक्के खाली, आणि तिथे प्रीमियम 53 रुपये आहे. स्क्यू नसताना 5 टक्क्यांवर 33 मिळत होते, आता साडेसात टक्क्यांवर 53 मिळतायत. तीव्र स्क्यूचा विकणाऱ्याला जो फायदा आहे तो हाच, आणि तो मला लांब जाऊन घ्यायचा असतो, जवळ थांबून 100 रुपयांच्या मागे लागून नाही.

पण डेल्टा कुठून येतोय ते आधी तपासा, प्लीज. एखादी ऑप्शन चेन सगळ्या स्ट्राइकला अ‍ॅट द मनीचाच आयव्ही लावून डेल्टा दाखवत असेल तर 22,800 ला तुम्हाला 8 च दिसेल आणि तुम्ही डेल्टाच्या नावाखाली पुन्हा अंतरच मोजताय. आयव्हीचा कॉलम उघडा, खाली जाताना आकडा वाढत नसेल तर तो डेल्टा वापरू नका. दुसरं म्हणजे एकाच स्ट्राइकच्या कॉल आणि पुटचा आयव्ही जवळपास सारखा यायला हवा, फार फरक असला तर बहुतेक वेळा फ्युचरऐवजी स्पॉटवरून हिशोब झालेला असतो किंवा शेवटचा भाव शिळा असतो. लांबच्या स्ट्राइकला मी बिड आणि आस्कच्या मधला भाव धरतो.

आणि हा 8 सुद्धा पूर्ण खरा नाही. निफ्टी 240 पॉइंट पडला तर 8 डेल्टाच्या हिशोबाने पुट 20 रुपयांनी वाढायला हवा, पण पडताना आयव्हीही चढतो, आणि या पुटला आयव्हीचा एक पॉइंट म्हणजे साधारण 10 रुपये. म्हणजे एकच पॉइंट वाढला तरी 30 गेले, गॅमा वेगळाच. म्हणून स्क्यू तीव्र असताना मी 8 ला मनात 12-13 धरतो आणि लॉट त्यावर ठरवतो. इथेच बरेच जण चुकतात, लांबचा स्ट्राइक घेतात आणि प्रीमियम कमी वाटतो म्हणून लॉट दुप्पट करतात, मग लांब जाऊन मिळवलं काय?

4 जून 2024, लोकसभेच्या निकालाचा दिवस आठवा. निफ्टी आदल्या दिवशी 23,263 ला बंद झाला होता, त्या दिवशी 21,884 ला बंद झाला, जवळपास 6 टक्के एका दिवसात, आणि मधे तर 21,300 च्याही खाली जाऊन आला. असा दिवस कुठलाही डेल्टा थोपवत नाही. त्यासाठी मी विकायच्या आधीच बघतो की उद्या 6 टक्के पडला आणि आयव्ही 10 पॉइंट चढला तर किती जातील, आणि ती रक्कम सोसणारी नसेल तर खाली एक स्वस्त पुट विकत घेतो किंवा लॉट कमी करतो.

उलट शांत बाजारात डेल्टा तुम्हाला जवळ ओढतो हेही सांगून ठेवतो. आयव्ही सगळीकडे 10 असेल तर तोच 8 डेल्टा 4 टक्क्यांवर येऊन बसतो. तिथे मात्र मी अंतराचंच ऐकतो, 5 टक्क्यांच्या आत विकत नाही, प्रीमियम पुरेसा नसेल तर तो महिना सोडून देतो.