धूप अकॉर्ड, नोंद सातवी: सोड्याच्या पाण्यात सापडलेला वास

सहाव्या नोंदीत धुपाचा अकॉर्ड, म्हणजे अनेक सुगंधद्रव्यांतून एकच वास उभा करणारे मिश्रण, जिथे अडला होता, तिथून पुढे सरकलो आहे. दहा ग्रॅम अकॉर्डमध्ये सोमाली फ्रँकिन्सेन्स या धुपाच्या राळेचे तेल तीन ग्रॅम घातले, तरी पहिली वीस मिनिटे लिंबू आणि टर्पेंटाइन, आणि तासाभराने केवळ सीडर व आयसो ई सुपर हे कृत्रिम लाकडी सुगंधद्रव्य, ही तक्रार आपल्याला आठवत असेल. तेल पाच ग्रॅमवर नेल्याने फक्त टर्पेंटाइन वाढले. कारण उघड आहे: या तेलाचा मोठा भाग अल्फा-पायनीन आणि लिमोनीन यांसारख्या हलक्या टर्पीनांचा असतो, त्यामुळे मात्रा वाढवली की आधी तेच वाढतात.

वाट सापडली ती विसरभोळेपणामुळे. एक ब्लॉटर, म्हणजे वास तपासण्याची कागदी पट्टी, डब्यात तीन दिवस पडून राहिला होता आणि त्याला जुन्या चर्चच्या भिंतींत मुरलेल्या धुपाचा वास येत होता. निकोला बाल्दोविनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये ओलिबॅनिक आम्लांची ओळख पटवली, ती नेमक्या याच शेवटच्या वासाच्या शोधात. तेलात ती अत्यल्प असतात, परंतु त्यांचा वास फार थोड्या मात्रेतही जाणवतो आणि टर्पीन उडून गेल्यावर मागे उरतो.

पहिला विचार होता की तेल उघड्या बशीत ठेवून टर्पीन उडू द्यावेत. तो मी सोडून दिला, कारण हवेत लिमोनीनचे ऑक्सिडीकरण होऊन तयार होणारे हायड्रोपेरॉक्साइड त्वचेला ॲलर्जी देतात. मग सुचले की आपल्याला हवी आहेत ती आम्ले आहेत, तेव्हा ती सोड्याच्या पाण्यात लवणरूपाने उतरली पाहिजेत.

वीस मिलिलिटर ताजे तेल आणि धुण्याच्या सोड्याचे पाच टक्के द्रावण दहा मिलिलिटर, असे सेपरेटिंग फनेलमध्ये घालून हलवले, आणि पुढचा पूर्ण रविवार वाया गेला. आम्लांची लवणे म्हणजे एक प्रकारचा साबणच. तेल व पाण्याचे दुधासारखे मिश्रण झाले आणि सायंकाळपर्यंत दोन थर दिसेनात. पुढच्या खेपेला फनेल जोरात न हलवता सावकाश उलटसुलट केले आणि चमचाभर मीठ घातले, तेव्हा रात्रभरात थर वेगळे झाले. (मिठाशिवाय नुसती वाट पाहूनही पाहिले, उपयोग झाला नाही.) अशा धुण्याच्या तीन खेपा केल्या.

खालच्या पाण्याला अजूनही टर्पेंटाइनचा वास होता, कारण त्यात तेलाचे सूक्ष्म थेंब अडकले होते. ते पाणी आयसोप्रोपिल मायरिस्टेट या तेलकट द्रावकाच्या एका मिलिलिटरने धुऊन तो वरचा थर टाकून दिला. त्यानंतर पाण्याला जवळजवळ वासच उरला नाही, आणि हीच खूण महत्त्वाची: लवणे उडत नाहीत, म्हणून त्यांना वास नसतो. मग सायट्रिक आम्ल चिमटीचिमटीने घातले. उघड्या बीकरमध्येच घालावे, कारण कार्बन डायऑक्साइडचा फेस उसळतो. पीएच तीनच्या आसपास येताच बीकरमधून तो वास उठला, अगदी सरळ, लिंबाशिवाय. ते पाणी नव्या एक मिलिलिटर मायरिस्टेटमध्ये उतरवून घेतले, आणि तो एवढासा थर घेऊन मी अर्धा तास नुसता बसून होतो.

पडताळणीसाठी धुतलेले आणि न धुतलेले तेल दोन ब्लॉटरवर ठेवले. चार तासांनी धुतलेल्या तेलाच्या पट्टीवर नुसता राळेसारखा गोडसर वास होता. चर्च तिच्यातून गेले होते.

अकॉर्डमध्ये या अर्काचे 0.2 ग्रॅम घालून तेल दीड ग्रॅमवर उतरवले. दुसऱ्या दिवशी सकाळीही पट्टीवर धूप ओळखू येतो. नागरमोथ्याचे 0.1 ग्रॅम धुराची बाजू सांभाळते. हिराबोळाच्या रेझिनॉइडचा कडवट, अळंबीसारखा सूर मात्र आता फार पुढे आला आहे, त्यामुळे ते निम्मे करणार आहे.

हे लिहिताना हिराबोळही याच रीतीने धुवावा असे मनात आले, परंतु ते व्यर्थ आहे: त्याच्या वासाचा गाभा फ्युरॅनोयुडेस्माडाइनसारख्या संयुगांत असतो, ती आम्ले नाहीत आणि सोड्यात उतरणार नाहीत. फ्रँकिन्सेन्सच्या खड्यांचे अल्कोहोलमधील टिंक्चर वापरणेही टाळावे, कारण त्यातील बिनवासाची बोस्वेलिक आम्ले मोठ्या मात्रेत सोड्यात येऊन सारा खटाटोप चिकट करतील. उर्ध्वपातित तेलच घ्या, आणि विक्रेत्याने उर्ध्वपातनाची तारीख दिली नसेल तर घेऊ नका. माझी मागची बाटली अशीच होती आणि ती बहुधा आधीच ऑक्सिडाइझ झालेली होती. वाण्याकडे ‘लोबान’ म्हणून मिळणारे खडे बहुधा बेंझॉइनचे असतात, हे नव्यांसाठी पुन्हा सांगतो.

सीडर अर्ध्यावर आणून त्या जागी एलेमी वाढवण्याची योजना होती. आता अर्कच मध्यभाग भरून काढत असल्याने एलेमी तशीच ठेवून आधी सीडरच पूर्ण काढून पाहतो. अर्क अजून केवळ ब्लॉटरवर आहे, त्वचेवर नाही.